अडतीस सत्तेचाळीसचा फरक

कर्जसल्ला केंद्रात माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा एकाच ओळीवर बोट ठेवून येतात. त्या दिवशी आलेल्या ताईंनी क्रेडिट कार्डाची तीन महिन्यांची स्टेटमेंटं छापून आणली होती आणि एका ओळीला लाल पेनाने गोल केला होता. 25 एप्रिल, रक्कम 12,000, पुढे कुठल्यातरी कंपनीचं अनोळखी नाव. "हे मी कधी घेतलंच नाही. कार्ड कुणीतरी वापरतंय माझं."

ती ओळ पाच मिनिटांत निकाली निघाली. दुकानाच्या पाटीवरचं नाव एक असतं आणि स्टेटमेंटवर येतं ते नोंदणीचं, कधी कधी तर पैसे वळते करणाऱ्या कंपनीचंच. म्हणून मी नाव बाजूला ठेवतो आणि आधी तारीख नि रक्कम घेऊन ईमेल शोधायला सांगतो. ताईंच्या फोनमध्ये 25 एप्रिलची, बरोबर 12,000 ची ऑर्डर सापडली. त्या जरा ओशाळल्या आणि कागद गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, आता कागद उघडलेच आहेत तर सगळ्या ओळी वाचू. कारण 15 मेच्या स्टेटमेंटवर मला दोन ओळी दिसल्या होत्या, व्याज 1,904.55 आणि लेट फी 600, आणि त्यांना त्यांनी गोल केला नव्हता.

"ती माझीच चूक," त्या म्हणाल्या. "हजार कमी भरले होते."

हकीकत अशी होती. स्टेटमेंट दर महिन्याच्या 15 तारखेला निघायचं. 15 एप्रिलला देणं होतं 40,000: 20 मार्चची 30,000 ची खरेदी आणि 8 एप्रिलची 10,000 ची. भरायची शेवटची तारीख 5 मे. मधल्या काळात त्यांनी एक वस्तू परत केली होती आणि 1,000 चा रिफंड मंजूर झाल्याचा मेसेज आला होता. त्यांनी तो मनातल्या मनात वजा केला आणि 5 मेला 39,000 भरले. रिफंड कार्डावर जमा झाला 7 मेला. म्हणजे 1,000 थकले ते फक्त दोन दिवस.

दोन दिवसांच्या हजारावर एवढं व्याज कसं, हे समजायला स्टेटमेंटच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. बिनव्याजी मुदत ही सवलत असते आणि ती पूर्ण रक्कम वेळेत भरली तरच मिळते. थोडी जरी बाकी राहिली तरी या कार्डाच्या अटींनुसार सवलत मागच्या तारखेपासून रद्द होत होती: प्रत्येक खरेदीवर, ती केली त्या दिवसापासून व्याज. सगळी कार्डं अशी नसतात, काही फक्त उरलेल्या रकमेवर व्याज लावतात, म्हणून मी अंदाजाने कधी बोलत नाही. आणि रिफंडचा मेसेज आला म्हणजे पैसे भरले असं नव्हे. जमा झाल्याची ओळ स्टेटमेंटवर येईपर्यंत तो रिफंड हिशोबात धरायचा नाही.

मग मी कॅल्क्युलेटर घेतला. व्याजाचा दर वर्षाला 36 टक्के. दिवसांच्या हिशोबाने व्याज काढायचं म्हणजे रक्कम गुणिले दिवस, त्याला 0.36 ने गुणून 365 ने भागायचं. 30,000 हे 20 मार्च ते 5 मे, 46 दिवस. 10,000 हे 8 एप्रिल ते 5 मे, 27 दिवस. उरलेले 1,000 दोन दिवस. तिन्हींचं मिळून आलं 1,629.37. सवलत गेल्यामुळे 25 एप्रिलच्या त्या 12,000 वरही पहिल्या दिवसापासून व्याज होतं, 15 मेपर्यंत 20 दिवसांचं 236.71. एकूण 1,866.08.

स्टेटमेंटवर होते 1,904.55.

फरक 38.47 चा. एरवी कुणी म्हणेल, जाऊ दे, पूर्णांकाचा घोळ असेल. पण पूर्णांकाचा घोळ चार-दोन पैशांचा होतो, अडतीस रुपयांचा होत नाही. मी हा फरक उलटा वाचून बघितला: कुठल्या रकमेचं एका दिवसाचं व्याज 38.47 होतं? 39,000 चं. म्हणजे यंत्रणेने ताईंचे 39,000 एक दिवस उशिरा मिळाल्याचं धरलं होतं. स्टेटमेंटवर परत गेलो. प्रत्येक ओळीला दोन तारखा होत्या, व्यवहाराची आणि नोंदीची, आणि भरण्याच्या ओळीला दोन्ही रकान्यांत 6 मे छापलं होतं.

"ताई, भरल्याची पावती आहे?"

होती. 5 मे, दुपारी 2 वाजून 10 मिनिटं, व्यवहार यशस्वी. अटींमध्ये त्याच दिवशी जमा धरण्याची वेळ संध्याकाळी 5 ची होती.

इथे लेट फीचं कोडंही सुटलं. व्याज आणि लेट फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक त्यांची मोट बांधतात. पूर्ण रक्कम भरली नाही की व्याज लागतं, लेट फी मात्र किमान रक्कमही वेळेत पोचली नाही तरच. ताईंची किमान रक्कम होती 2,000 आणि त्यांनी 39,000 भरले होते. हजार कमी भरल्याचा लेट फीशी काहीएक संबंध नव्हता. यंत्रणेच्या लेखी 5 मेपर्यंत एक छदामही आला नव्हता, म्हणून 600 लागले. जी ओळ ताईंनी गुमान कबूल केली होती, तीच खरी चुकीची निघाली.

तक्रार मी मुद्दाम कोरडी लिहून दिली. किती मनस्ताप झाला वगैरे काही नाही. पावतीचा क्रमांक, तारीख, वेळ, अटीतलं कलम, आणि मागणी दोन ओळींची: लेट फी 600 आणि जादा व्याज 38.47. उरलेलं 1,866.08 व्याज मागितलं नाही, ते अटींप्रमाणे लागलेलंच होतं. सवलत म्हणून सोडा, अशी वेगळी विनंती केली. ती नाकारली गेली, आणि त्यात मला अन्याय वाटला नाही. तो नियम मात्र मला आजही पटत नाही.

जाता जाता जूनचं स्टेटमेंट राहिलं होतं. 1 जूनला ताईंनी दाखवलेली सगळी रक्कम भरून टाकली होती आणि कार्ड कपाटात ठेवलं होतं, तरी 15 जूनला व्याज 201.21. "हे तर नक्की चुकीचं!" नव्हतं. 15 मेला स्टेटमेंट निघालं तेव्हा व्याज त्या दिवसापर्यंतचंच मोजलं होतं. त्यानंतर 1 जूनपर्यंतचे 17 दिवस 12,000 बाकीच होते. व्याजावर आणि दंडावर या कार्डात पुन्हा व्याज नव्हतं, त्यामुळे हिशोब सरळ होता आणि आकडा तंतोतंत जुळला. हे शेपूट बंद कार्डावरही येतं. कार्ड वापरतच नाही म्हणून स्टेटमेंट न उघडणारी माणसं मग त्या दोनशेपायी नव्याने थकबाकीदार होतात. ताईंनी माझ्यासमोरच ते भरले.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं: लेट फी 600 परत. अडतीस सत्तेचाळीसचा उल्लेखही नाही. मी म्हटलं, पुन्हा लिहू. ताई हसल्या, "एवढ्यासाठी?" पण भरण्याची तारीख 5 मे मान्य केल्याशिवाय 600 परत देता येत नाहीत आणि ती मान्य केली की 38.47 ठेवून घेता येत नाहीत. हे एकच वाक्य लिहून पाठवलं.

जुलैच्या स्टेटमेंटचा फोटो त्यांनी मला पाठवला. व्याज 0.00, आणि त्याच्या वरच्या ओळीत जमा, 38.47. या वेळी गोल हिरव्या पेनाने केलेला होता.