काकीस सा. न. वि. वि.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका दुपारी, जपानमधल्या ताकायामा या डोंगराळ गावातल्या एका घरगुती र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पांथनिवासात, मी उतरलो, तेव्हा खोलीतल्या बुटक्या मेजावर चहाचे सामान, एक गोड वडी आणि ब्रशपेनाने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवलेली होती. ओळी वरून खाली उतरणाऱ्या, उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या, आणि अक्षरे आपल्या मोडीसारखी एकमेकांत गुंतलेली. मला ओळखू आले ते फक्त काताकाना लिपीत सुटे सुटे लिहिलेले माझे नाव आणि त्यापुढचे आदरार्थी ‘सामा’.

भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा चिठ्ठीवर धरला. प्रवासाने दमला असाल, स्नानगृह रात्री अकरापर्यंत उघडे आहे, इथवर ठीक होते. पुढे मात्र फोनने कळवले की मालकीणबाईंनी मोठ्या बहिणीला वळचणीला वाळत घातले आहे आणि उद्या न्याहारीला आपण तिची चव घ्यावी.

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला फोटो पाठवला. घड्याळ तिथे साडेतीन तास मागे असल्याने तिची जेवायची वेळ झाली होती, तरी तिने आधी मला दटावले, की उभी चिठ्ठी अख्खी दाखवायची नसते, एकेक ओळ वेगळी, सरळ आणि सावली न पडू देता टिपायची. तसे केल्यावर ती बहीण नेमकी सापडली. ‘मोठी बहीण’ आणि एका फळाचे नाव, या दोन्ही चिन्हांचा उजवा अर्धा भाग एकच असतो. डावीकडे बहिणीला ‘स्त्री’ असते आणि फळाला ‘झाड’. हात भरभर चालला की झाडाच्या आडव्या-उभ्या रेघा वळतात आणि झाडाची बाई होते. संशय आला तर शेजारचे क्रियापद पाहावे, असे ती म्हणाली. वाळत काय घालतात, याचा विचार माणसाने करायचा असतो. खिडकी सरकवली तर वळचणीला नारिंगी फळांच्या माळा लोंबत होत्या. त्या फळाला जपानीत ‘काकी’ म्हणतात, म्हणजे नाते काही सुटले नाही.

ही काकी तुरट जातीची. ताजी खाल्ली तर तोंड आवळून येते. पण सोलून, देठाला दोरी बांधून, पावसाच्या आडोशाला परंतु वाऱ्यावर महिनाभर टांगली की तिच्यातले टॅनिन जिभेवर विरघळेनासे होते आणि तुरटपणा जातो. सकाळी माझ्या ताटलीत आली ती बाहेरून सुरकुतलेली आणि आतून जेलीसारखी मऊ होती.

आता आभार मानायचे होते. मेजावर सुटे पैसे ठेवून निघावे, तर तिथे पाहुणा पैसे विसरला असे समजून कोणीतरी मागे धावत येण्याची शक्यता अधिक. तेव्हा चिठ्ठीच लिहायची ठरवली, आणि वडिलांची आठवण झाली. उन्हाळ्यात मामाकडून परतल्यावर पोहोचल्याचे पत्र मला लिहावे लागे. ‘सा. न. वि. वि.’ झाल्यावर मी ‘तुमच्याकडे खूप मजा आली’ असे लिहिले, की वडील त्यावर काट मारीत आणि म्हणत, “हे कोणालाही लिहिता येईल. मामीने काय केले ते लिही.” मग विहिरीवरची मोट, फणसाची भाजी, मामीने पायातला काटा काढला ते, असे सगळे पंधरा पैशांच्या कार्डावर दाटीवाटीने बसवावे लागे. तेव्हा तो जाच वाटे. पण ‘आदरातिथ्य उत्तम होते’ असली वाक्ये वाचली की अजूनही माझा हात काट मारायला शिवशिवतो.

म्हणून मी मालकीणबाईंच्या चिठ्ठीला ओळीस ओळ उत्तर दिले. मैत्रिणीने मजकूर सोप्या हिरागानात करून दिला आणि मी तो जपून गिरवला, कारण तिथे ‘सा’ आणि ‘चि’ ही अक्षरे आरशातल्यासारखी उलटसुलट आहेत. त्या पत्ररीतीप्रमाणे आधी हवामान: ‘आज सकाळी गारठा फार होता.’ मग, ‘तुम्ही म्हणालात तसा दमलो होतो, रात्री दहाला स्नान केले आणि गाढ झोपलो. आपली चिठ्ठी मैत्रिणीच्या मदतीने वाचली. फळ वाळवायला महिना लागतो हे कळल्यावर ते हळूहळू खाल्ले.’ शेवटी, निघताना तिथे म्हणतात तसे, भूतकाळात, ‘आपल्याला माझ्यासाठी तसदी पडली, आभारी आहे.’ बहिणीचा उल्लेख मी करणार होतो, मैत्रिणीने करू दिला नाही. विनोद समजावून सांगायला आणखी पाच ओळी लागल्या असत्या आणि शिवाय बाईंच्या अक्षराला नावे ठेवल्यासारखे झाले असते.

कागद चुरगळलेला दिसला तर केरात जाईल, म्हणून तो सरळ घडी घालून चहाच्या तबकाशेजारी ठेवला. त्यांची चिठ्ठी मात्र मी घेऊन आलो. ती न्यायची असते की ठेवून यायची असते, हे विचारायचे राहूनच गेले.