‘नाही’ शेवटी येतं

रात्री जेवणं झाल्यावर मी मामांना विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?" "घेतली," असं मला ऐकू आलं. सकाळी गोळ्यांची डबी उघडली तर रात्रीच्या खणात गोळी तशीच. मामा म्हणाले होते, "घेतली नाही." त्यातलं 'नाही' त्यांच्या ओठांतच राहिलं होतं. डॉक्टरांना फोन करून पुढचं विचारून घेतलं, पण तो दिवस मी धास्तीतच काढला.

मामा म्हणजे माझे सासरे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. मागांच्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला, डावा हात आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, आणि बोलणं तोंडात चिंच ठेवल्यासारखं जाड झालं. आम्हाला वाटलं, शब्दच आठवत नसतील. पण उजव्या हातात पेन दिलं की ते वाक्य बिनचूक लिहायचे, आमचं सगळं समजायचं. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी तपासून सांगितलं की भाषा शाबूत आहे, जीभ-ओठ हलवणारे स्नायू कमजोर झालेत. याला डिसार्थ्रिया म्हणतात.

मॅडमची गाठ पडायला तीन आठवडे गेले. त्याआधी हॉस्पिटलमधून घरी सोडताना आमच्या हातात एक छापील कागद पडला होता: जीभ बाहेर काढा, गाल फुगवा, फुंकर मारा. ते आम्ही रोज पाऊण तास केलं. जीभ छान बाहेर यायला लागली, बोलणं होतं तिथेच. मॅडम हसून म्हणाल्या, "जीभ बाहेर काढून कोण बोलतं का? यांना बोलायचाच सराव द्या." आणि त्यांनी वहीच्या पानावर मामांपुरता तक्ता लिहून दिला.

तो साधाच होता. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं, जेवल्या जेवल्या नाही. खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले, कवळी लावलेली, टीव्ही बंद. आधी 'प, ट, क' सावकाश, मग रोजच्या वापरातले शब्द, मग वाक्यं. उच्चार बिघडत चालले की थांबायचं, रेटायचं नाही. मी अर्थातच रेटलं. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं बसवलं, तर 'टाळ'चं 'ताल' व्हायला लागलं आणि मामा चिडले. थकलेल्या जिभेला चुकीचंच वळण लागतं, हे मला उशिरा कळलं.

गोळी राहिल्याचा प्रकार सांगितल्यावर मॅडमनी मामांना एक लांब वाक्य म्हणायला लावलं आणि बोटांवर शब्द मोजले. तीन-चार शब्दांनंतर दम संपत होता, आवाज खाली बसत होता आणि शेवटचं अक्षर पुसलं जात होतं. आता मराठीत बघा, 'हवं', 'नको', 'केलं नाही' सगळं शेवटी येतं. म्हणजे ज्या शब्दावर अर्थ उलटतो तोच आधी गळायचा. म्हणून तक्त्यात दोन गोष्टी वाढल्या. हो-नाही आधी बोलायचं: "नाही. गोळी घेतली नाही." आणि वाक्य दमाप्रमाणे तोडायचं, प्रत्येक तुकड्याआधी श्वास घ्यायचा.

तोडायचं कुठे, यात माझी गल्लत झाली. मी लिहिलं होतं: मला / शेंगा / चटणी / आणि / कडक / भाकरी / दे. मामा ते असं म्हणत की स्टेशनवरची अनाउन्समेंट बरी. मॅडमनी खोडून केलं: मला शेंगा चटणी / आणि कडक भाकरी दे. अर्थ जिथे पुरा होतो तिथेच श्वास. 'भाकरी'चा 'भ' नीट यायला ओठ घट्ट मिटावे लागतात, डावीकडून हवा निसटली की 'भाकरी' मवाळ होते. तो एक शब्द आम्ही आरशासमोर दोन दिवस घेतला. मग मामांनी स्वतःच तक्त्यात मागावरच्या शब्दांची भर घातली: 'ताणा', 'बाणा', 'धोटा'. मॅडमना धोटा म्हणजे काय ते मामांनी लिहून दाखवलं.

पुढचा महिना मला वाटायचं, फारच सुधारलं. मला तर सगळं कळत होतं! मॅडमनी विचारलं, "तुमच्याशिवाय कोणाला कळतं?" मी गप्प. त्यांचं म्हणणं असं की रोज ऐकणाऱ्याचा कान तयार होतो, त्यामुळे आपण आपल्याच प्रगतीला मामांची प्रगती समजतो. मग परीक्षा अनोळखी कानाची. मामांना विचारून फोनवर दहा वाक्यं रेकॉर्ड केली, एकूण ४८ शब्द, आणि वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेल्या कॉलेजच्या मुलीला एकदाच ऐकवली. जे कळलं ते तिने लिहिलं: २७ शब्द बरोबर. घरात आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि बाहेरच्याला निम्म्यापेक्षा थोडंच जास्त कळत होतं.

त्यानंतर अक्षरांचा पुठ्ठा आला. मोठ्या अक्षरांत अ, आ, क, ख, ग... एका पुठ्ठ्यावर लिहायचं, आणि प्रत्येक शब्द बोलताना मामांनी त्याचं पहिलं अक्षर बोटाने दाखवायचं. 'शेंगा' म्हणताना 'श', 'चटणी' म्हणताना 'च'. याने ऐकणाऱ्याला शब्दाचं टोक सापडतं, आणि बोट फिरवावं लागतं म्हणून बोलण्याचा वेगही आपोआप उतरतो. मामांना आधी ते बालवाडीसारखं वाटलं. पण शेजारचे काका पत्ते खेळायला आले आणि पुठ्ठ्यामुळे पहिल्या फटक्यात 'इस्पिक' कळलं, तेव्हापासून पुठ्ठा त्यांच्या मांडीवर असतो.

माझ्यासाठीही तक्त्याच्या मागच्या पानावर दोन ओळी होत्या. न कळता मान हलवायची नाही. आणि "काय? काय?" म्हणायचं नाही, जेवढं कळलं तेवढं परत बोलायचं: "चटणी कळलं मामा, कसली ते सांगा." मग ते सगळं वाक्य पुन्हा न बोलता अडलेला शब्दच बोलतात, दम वाचतो. लाल शाईने तिसरी ओळ होती: पाणी पिताना ठसका किंवा घोगरा ओला आवाज आला तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवायचं, आणि बोलणं अचानक बिघडलं किंवा चेहरा, हात पडला तर सराव नाही, सरळ १०८.

पाच आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. वाक्यं नवीन, कारण जुनी त्या मुलीच्या डोक्यात बसली असती. ४८ पैकी ३८. चुकलेल्या दहांत चार 'ळ' आणि 'ण'चे होते, ते आता तक्त्यात वर आलेत.

फोन मात्र अजून अवघड आहे, तिथे पुठ्ठा दिसत नाही आणि चेहराही. गेल्या रविवारी मामांनी स्वतः दुकानात फोन लावला. दुकानदाराने दोनदा "कोण?" विचारलं. मामांनी श्वास घेतला, म्हणाले, "नाही. डाळ नको. / शेंगदाणे पाठव." अर्ध्या तासाने पोऱ्या आला, पिशवीत शेंगदाणे एक किलो. डाळ नव्हती.