बजेटनं गेलं की रँकनं गेलं

"इम्प्रेशन शेअर ३०-३५ टक्क्यांवरच अडकलाय, बाकीचं सगळं लॉस्ट दाखवतंय. मग बजेट वाढवू की बिड?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, कारण स्क्रीनशॉट पाठवून "फक्त एका शब्दात सांगा ना" म्हणणाऱ्यांना एका शब्दात उत्तर देण्याचा मला आता कंटाळा आलाय, आणि ते उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या जागी वापरलं जातं. मी गूगल अ‍ॅड्समधल्या सर्च जाहिरातींबद्दलच बोलतेय, डिस्प्ले आणि परफॉर्मन्स मॅक्सचं प्रकरण वेगळं आहे.

तीन कॉलम तुम्हाला माहीतच आहेत, `Search impr. share`, `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. जाहिरात जेवढ्या वेळा दिसू शकली असती त्यातल्या किती टक्के वेळा दिसली, किती वेळा बजेटमुळे हुकली आणि किती वेळा रँकमुळे, हे ते सांगतात. तिघांची बेरीज साधारण १०० येते. इथपर्यंत सगळे बरोबर असतात. गडबड पुढे होते. बजेटच्या कॉलममध्ये ५२ दिसलं की लोकांना वाटतं हे ५२ टक्के आपलेच आहेत, दुकानात ठेवलेत, पैसे दिले की मिळणार. तसं नाहीये. तो आकडा एवढंच सांगतो की पैसे पुरत नव्हते म्हणून तुमची जाहिरात तिथे दाखवली गेली नाही. दाखवायला गेली असती तर जिंकली असती का, हे तो सांगत नाही.

हे मला एका पेस्ट कंट्रोलवाल्या दादांच्या अकाउंटमध्ये फार महागात कळलं. म्हणजे महागात त्यांना पडलं, पण ते काम नंतर माझ्या हातून गेलं त्यामुळे मलाही.

पुण्यातलं काम. एकच कॅम्पेन, त्यात वाळवी, झुरळं, ढेकूण, जनरल पेस्ट कंट्रोल असे सगळे अ‍ॅड ग्रुप, मॅन्युअल सीपीसी, म्हणजे क्लिकची बिड हातानं लावलेली, आणि सगळ्यांना ती जवळपास सारखीच. बजेट दिवसाला १,००० रुपये. महिन्याचे आकडे असे होते: इम्प्रेशन्स ६,२००, शेअर ३१ टक्के, बजेटमुळे गेले ५२, रँकमुळे गेले १७. ६,२०० ला ०.३१ नं भागलं की २०,००० येतात, म्हणजे एवढ्या वेळा जाहिरात दिसू शकली असती असा गूगलचा अंदाज. हा भागाकार करायची सवय लावाच. नुसत्या टक्क्यांवर बोलू नका आणि रोजच्या टक्क्यांची सरासरी तर अजिबात काढू नका, कारण रविवारचे २०० आणि सोमवारचे ९०० सारख्या वजनाचे होत नाहीत. आधी दोन्हीकडे आकडे काढा, बेरीज करा, मग टक्के.

क्लिक ४००, क्लिकमागे ७५ रुपये, खर्च ३०,०००, फोन ६०. महिन्याची मर्यादा १,००० गुणिले ३०.४, म्हणजे ३०,४००. खर्च तिथे टेकलेला, तेव्हा बजेट खरंच कमी पडत होतं, याबद्दल वाद नव्हता. (कुठल्या वेळी बजेट संपतं ते तासातासानं बघायची जुनी सवय काहींना असते. सर्चमध्ये अ‍ॅक्सिलरेटेड डिलिव्हरी २०१९ मध्येच बंद झाली, आता पैसे दिवसभर पसरवून खर्च होतात, त्यामुळे दुपारी जाहिरात धाडकन बंद पडलेली दिसेलच असं नाही.)

दादांच्या ओळखीतला एक एजन्सीवाला त्यांना म्हणाला, ३१ आणि ५२ मिळून ८३, बजेट अडीच हजार करा, ८३ टक्के मार्केट तुमचं. दादांनी मला विचारलं. मी म्हटलं आत्ता नको, आधी वाळवी वेगळी काढू. ते म्हणाले, "ताई, समोर लिहिलंय की बजेटमुळे जातंय, तुम्ही का अडवताय?" त्यांचा धंदा, त्यांचे पैसे. बजेट २,५०० केलं.

पुढच्या महिन्यात उपलब्ध इम्प्रेशन्स जवळपास तेवढीच, २०,००० च्या आसपास. शेअर ५५ झाला. बजेटमुळे गेलेले ४ वर आले. आणि रँकमुळे गेलेले १७ वरून ४१! म्हणजे बजेटच्या खात्यातले १०,४०० होते त्यातले ४,८०० मिळाले, ८०० अजून बजेटमध्येच राहिले, आणि उरलेले ४,८०० सरळ रँकच्या खात्यात जाऊन बसले. आधी पैसे नव्हते म्हणून ज्या लिलावांत आपण उतरलोच नव्हतो त्यात आता उतरलो आणि निम्मे हरलो. खर्च जवळपास ५३,०००, क्लिक ६६०, क्लिक ८० रुपयांना पडला, फोन ७५. आधी एक फोन ५०० ला पडत होता तो ७०० वर गेला.

दादांचा फोन आला तेव्हा ते ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, पैसे पावणेदोन पट घातले, फोन पंधराच वाढले, आणि आता तुमच्याच रिपोर्टमध्ये रँक खराब दिसतेय, तुम्ही महिनाभर काय केलंत? मी समजावत राहिले की रँक बिघडलेली नाही, तीच आहे, आधी बजेटच्या आकड्यामागे झाकलेली होती. वाक्य खरं होतं. पण ५३,००० भरून बसलेल्या माणसाला ते पळवाट वाटणारच, आणि मला अजूनही त्याहून चांगलं वाक्य सुचलेलं नाही.

आता मी वाळवी वेगळी काढा का म्हणत होते ते सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे. बजेटचा लॉस्ट कॉलम फक्त कॅम्पेन लेव्हलला मिळतो. रँकचा मात्र अ‍ॅड ग्रुप आणि कीवर्डलाही मिळतो. मग अ‍ॅड ग्रुपला शेअर आणि रँक, दोन्ही १०० मधून वजा करा, उरतो तो साधारण बजेटचा वाटा. पहिल्याच महिन्यात असं केल्यावर वाळवीत शेअर २२, रँक ४१, म्हणजे बजेट ३७. बाकीच्या सगळ्यांत मिळून शेअर ३४, रँक १०, बजेट ५६. कॅम्पेनचा रँक लॉस १७ दिसत होता तो या दोघांची इम्प्रेशन्सच्या वजनानं आलेली सरासरी होती, आणि वाळवीचं दुखणं त्यात बुडून गेलं होतं. दादांचे खरे पैसे वाळवीत होते. झुरळांचं काम छोटं, वाळवीचं ड्रिलिंग करून औषध सोडायचं काम मोठं.

वाळवीत रँक का जात होती? क्वालिटी स्कोअरच्या तीन घटकांत लँडिंग पेज बिलो अ‍ॅव्हरेज, कारण सगळ्या जाहिराती होमपेजवर जात होत्या आणि तिथे वाळवीबद्दल दोन ओळी. शिवाय वाळवीच्या लिलावात मोठ्या कंपन्या उतरतात, तिथे झुरळांचीच बिड लावून चालत नाही. रँक म्हणजे नुसती क्वालिटी नव्हे आणि नुसती बिडही नव्हे, दोन्ही, वर त्या वेळची स्पर्धा आणि किमान उंबरठा.

आणि बाकीच्यांत बजेट कुठे जात होतं? सर्च टर्म्स उघडल्या की दिसतं. झुरळं घालवायचे घरगुती उपाय, झुरळ मारायचं औषध किंमत, पेस्ट कंट्रोल लायसन्स कसं काढायचं. कीवर्ड ब्रॉड मॅचवर होते, त्यामुळे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात जात होती. हे सगळे त्या २०,००० मध्ये धरलेले! तिथे शेअर कमी आहे म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही.

बजेट परत १,००० वर आणलं. वाळवीला वेगळं कॅम्पेन, ६०० रुपये, जास्त बिड, स्वतःचं पेज. बाकीच्यांना ४००, निगेटिव्ह कीवर्ड्स भरपूर, बिड कमी. बाकीच्यांची उपलब्ध इम्प्रेशन्स १५,५०० वरून ९,००० च्या आसपास आली, त्यामुळे तिथला शेअर काही न करता सुधारलेला दिसला. भागाकारातला खालचा आकडा हलला की असं होतं, त्याचं श्रेय घेऊ नका. वाळवीचा शेअर २२ वरून ५१ झाला. एकूण खर्च ३०,००० च, फोन ६८, त्यात वाळवीचे जास्त.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पावसाळ्याच्या तोंडचा महिना होता. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी घरात शिरते आणि लोक आपणहून फोन करतात. त्यातलं माझ्या कामामुळे किती आणि पावसामुळे किती, मी वेगळं करून दाखवू शकले नाही. दादांनी हेच विचारलं आणि नंतर काम त्या एजन्सीला दिलं.

काही वर्षांपूर्वी मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे की आधी रँक दुरुस्त करा, मग बजेट. आता तसं सांगत नाही. रँक लॉस ८-१० असेल, सर्च टर्म्स स्वच्छ असतील, खर्च मर्यादेला टेकत असेल आणि त्या फोनमधून नफा होत असेल तर बजेट वाढवा, उगाच क्वालिटी स्कोअर ६ चा ७ करत बसू नका. आणि बजेट वाढवायला पैसेच नसतील तर बिड कमी करून बघा, हे लोकांना उलटं वाटतं. ७५ चा क्लिक ६० ला पडला तर त्याच ३०,००० मध्ये ४०० ऐवजी ५०० क्लिक येतात. बजेट लॉस उतरेल, रँक लॉस चढेल, आणि इथे रँक लॉस चढला म्हणून घाबरायचं नाही, तो आपण मुद्दाम चढवलाय. जाहिरात खाली सरकून क्लिक करणारेच घटले तर मात्र थांबा. उलट, रोजचा खर्च बजेटच्या बराच खाली राहतोय आणि तरी शेअर ३० असेल तर बजेट वाढवून काही होणार नाही, तिथे सगळा प्रश्न रँकचा.

जुनी मी अजूनही भांडते माझ्याशी, की रँक खराब असताना बजेट टाकणं म्हणजे पैसे वाया. दादांच्या बाबतीत ती बरोबर ठरली. पण त्यांनाही ते जादा १५ फोन आलेच होते, आणि वाढलेल्या २३,००० ला भागलं तर प्रत्येक जादा फोन दीड हजाराला पडला. वाळवीचं एखादं मोठं काम त्यातून मिळालं असेल तर तो सौदा वाईट होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कोणत्या फोनचं काम झालं हे दादांनी लिहून ठेवलं नव्हतं.

स्मार्ट बिडिंगवाल्यांनी, म्हणजे बिड गूगलवर सोडणाऱ्यांनी, वरचं जसंच्या तसं लावू नका. टार्गेट सीपीए, म्हणजे एका कन्व्हर्जनमागे किती खर्च चालेल तो आकडा, घट्ट ठेवलं असेल तर सिस्टीम स्वतःच बिड खाली ठेवते आणि ते सगळं रँक लॉस म्हणून दिसतं, तिथे लँडिंग पेजवर महिना घालवण्याआधी टार्गेट थोडं सैल करून बघा. मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्सवर टार्गेट नसेल तर ते बजेट संपवायच्याच हिशेबानं बिड लावतं, तेव्हा बजेट बदललं की बिडही बदलते आणि दोन्ही कॉलम एकदम हलतात. अशा अकाउंटचा स्क्रीनशॉट पाठवलात तर मी आधी बजेट बदलल्याची तारीख आणि सर्च टर्म्स मागणार, त्याशिवाय मला सांगता येत नाही.