पंचवीस आणि पत्रिकेची कार्डं

दुसरीच्या वर्गात मी ‘पंचवीस’ सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या मुलीने पाटीवर ५२ लिहिलं. तिचं काय चुकलं? मराठीत पंच आधी येतो, वीस मागून. जसं ऐकलं तसं तिने लिहिलं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढी ओरड झाली होती! पण ही अडचण मी दरवर्षी बघते.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग होता. त्या रात्री मी कार्डं कापली. दशकाचं कार्ड १२ सेंटिमीटर रुंद, डाव्या अर्ध्यात २, उजव्या अर्ध्यात ०. एककाचं कार्ड त्याच्या निम्मं. ते शून्यावर ठेवलं की २० चे २५ होतात आणि शून्य खाली लपून राहतं. चकचकीत बाजूवर स्केचपेन फिसकटतं, म्हणून अंक मागच्या कोऱ्या बाजूवर काढले.

एककाची कार्डं मात्र घाईत अंदाजानेच कापली, ती सेंटिमीटरभर अरुंद झाली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वीसवर पाच ठेवले आणि पाटीवर २०५ उतरवलं. मी वाकून पाहिलं, तर पाचच्या डावीकडून शून्याची कड डोकावत होती. तिने दिसलं ते लिहिलं होतं.

मधल्या सुट्टीत सगळी पुन्हा कापली. या वेळी एककाचं एक कार्ड नीट मापून साचा केला आणि तोच शेजारी-शेजारी दोनदा ठेवून दशकाचं कार्ड आखलं. प्रत्येक कार्डाचा वरचा उजवा कोपराही छाटला. कोपऱ्यावर कोपरा जुळला की कार्ड बरोबर बसलं, हे मुलांनाच कळतं.

पण नुसत्या कार्डांनी मुलं जुळवाजुळवी तेवढी शिकतात, दोन म्हणजे वीस कसे हे कळत नाही. म्हणून खराट्याच्या जाड हिरांचे बोटभर तुकडे केले आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधले. बांधायला पंक्चरवाल्याकडच्या टाकाऊ सायकल ट्यूबच्या चकत्या, दुहेरी पीळ देऊन. साधे रबरबँड उन्हाळ्यात तुटतात. वीसच्या कार्डाखाली दोन गठ्ठे, पाचखाली पाच सुट्या काड्या.

आठवड्याने मी ‘एकोणतीस’ म्हटलं. निम्म्या वर्गाने तीसवर नऊ ठेवून ३९ केले. पहिल्या रांगेतल्या त्या मुलीनेही तीसचं कार्ड काढलं, खाली तीन गठ्ठे मांडले आणि थांबली.

“बाई, एक कमी ना?”

“हो.”

तिने एका गठ्ठ्याची चकती सोडली, एक काडी माझ्या हातात दिली आणि उरलेल्या मोजल्या. मग तीसचं कार्ड उचलून वीसचं ठेवलं आणि कोपरा जुळवून त्यावर नऊ.