आमची वाटचाल: इंचावरून मिलिमीटरवर

आमच्या दुकानात सुरुवातीला बॅक कव्हरं स्क्रीनच्या इंचांप्रमाणे लावलेली असत. कव्हर परत यायचं मुख्य कारण तेच निघालं. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. फोन बाहेरून केवढा आहे हे त्यातून कळत नाही. आयफोन ११ आणि आयफोन १२ दोन्ही ६.१ इंची आहेत. पण ११ आहे १५०.९ × ७५.७ × ८.३ मि.मी. आणि १२ आहे १४६.७ × ७१.५ × ७.४ मि.मी. लांबी-रुंदीत चार-चार मिलिमीटरचा फरक! ११ चं कव्हर १२ वर खुळखुळतं, १२ चं ११ ला चढतच नाही.

म्हणून आता प्रत्येक खणावर लांबी, रुंदी, जाडी याच क्रमाने आकडे लिहितो. आधी रुंदी बघतो, कारण कव्हर फोनला धरतं ते बाजूंनी. मऊ सिलिकॉन थोडं ताणलं जातं, कडक प्लास्टिक अजिबात नाही.

तरी तिन्ही आकडे जवळपास जुळूनही फसगत होते. आयफोन १३ आणि १४ दोन्ही १४६.७ × ७१.५, जाडी ७.६५ आणि ७.८०. कागदावर एकच कव्हर चालायला हवं. पण दिलेल्या जाडीत कॅमेऱ्याचा उंचवटा धरलेला नसतो, आणि १४ चा उंचवटा १३ पेक्षा किंचित मोठा आहे. १३ च्या कव्हरचं भोक त्याला अपुरं पडतं आणि त्या कोपऱ्यात कव्हर उचललेलं राहतं. त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं की फट लगेच कळते. १२ आणि १३ मध्ये तर लेन्सची मांडणी आणि बाजूच्या बटणांची जागाही वेगळी. म्हणून आकडे जुळले तरी कव्हर मॉडेलच्या नावानेच द्यायचं, हा आमचा नियम.

गाडीला लावायच्या मोबाइल होल्डरला मात्र नाव लागत नाही, माप लागतं, तेही कव्हरसकट. समजा आयफोन १४ ला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मि.मी.चं कव्हर आहे: ७१.५ + ३ = ७४.५ रुंदी. जाडीत मागचे दीड आणि स्क्रीनभोवतीच्या कडेचा एक मिळवला की ७.८ चे १०.३ होतात. खोक्यावर ‘६० ते ९० मि.मी.’ लिहिलं असेल तर रुंदी मध्यावर बसते, म्हणजे ठीक. अगदी टोकाला बसत असेल तर आम्ही तो होल्डर देत नाही. स्प्रिंग एकतर सैल राहते नाहीतर पूर्ण ताणलेली. जाडीची मर्यादा खोक्यावर बहुधा नसतेच, म्हणून पकडीच्या दाताची आतली खोली व्हर्नियरने मोजतो. ती १० भरली तर हा फोन कव्हरसकट पूर्ण आत जात नाही, दाताचं टोक कडेवर अडतं आणि खड्ड्यात गाडी आदळली की फोन सुटतो. शेवटी फोन लावून स्क्रीन बंद-चालू होते का, आवाज आपोआप वाढतो का ते पाहायचं. तसं झालं तर पकड बटणावर आली आहे. फोन थोडा वर किंवा खाली सरकवून लावायचा.