दहा एम म्हणजे दहा मेगाबिट नव्हे

सोमवारी सकाळी साडेदहाला सगळ्या ऑफिसचे व्हिडिओ कॉल एकदम तुटायला लागले. साध्या वेबसाइटही उघडायला वेळ घेत होत्या. नेट कंपनीला फोन लावण्याआधी मी पिंग लावून पाहिला. एरवी १५ मिलिसेकंदात येणारं उत्तर यायला ८०० लागत होते. लाइन तुटलेली नव्हती, तुंबलेली होती.

राउटरवर पाहिलं तर डाउनलोड जवळपास रिकामं आणि २० एमबीपीएसचं अपलोड काठोकाठ भरलेलं. डाउनलोड करतानाही 'मिळालं' अशी पोच सतत वर पाठवावी लागते. ती पोच अपलोडच्या रांगेत अडकली की डाउनलोडही रखडतं.

रांग अडवणारा होता आमचाच बॅकअप. रविवारी कुणीतरी स्कॅन केलेल्या २०० जीबी फाइल सर्व्हरवर टाकल्या होत्या. २० एमबीपीएसने तासाला फार तर ९ जीबी वर जातात, म्हणजे बावीस तासांचं काम. बॅकअप रात्री आठला सुरू झाला होता. सुरू होण्याची वेळ मी शांत निवडली होती, पण तो संपेल कधी याचा हिशेब कधीच केला नव्हता.

मी तो थांबवला. बॅकअप पाठवणारा rclone हा प्रोग्राम पूर्ण गेलेल्या फाइल पुन्हा पाठवत नाही, त्यामुळे फारसं काही वाया जाणार नव्हतं. मग `--bwlimit 10M` लावून पुन्हा सुरू केला, अर्धी लाइन मोकळी राहील या समजुतीने. पिंग जागचा हलला नाही. दहा मिनिटं मी राउटरवरच संशय घेत बसलो. मग लक्षात आलं की इथला M बिटचा नाही, बाइटचा आहे. 10M म्हणजे सेकंदाला १० मेबिबाइट, म्हणजे १०२४ च्या पटीत मोजलेले मेगाबाइट; बिटमध्ये सुमारे ८४ एमबीपीएस. २० च्या लाइनला ८४ ची मर्यादा! ती असून नसल्यासारखीच.

शांत वेळ या खेपेला अंदाजाने ठरवली नाही. राउटरचा आठवड्याचा आलेख पाहिला, तर लोक रात्री सव्वानऊपर्यंत काम करत होते.

```
rclone sync /data remote:backup --bwlimit "08:00,512k 21:30,2M"
```

दिवसा 512k म्हणजे साधारण ४ एमबीपीएस, रात्री 2M म्हणजे साधारण १७. रात्रीही मर्यादा काढली नाही, कारण उशिरा घरून सर्व्हरवर येणाऱ्यांना थोडी जागा हवीच. या वेळापत्रकाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे बॅकअप चालू असतानाही ठरल्या वेळी वेग बदलतो. काम सकाळपर्यंत लांबलं तरी आठला तो आपोआप मंदावतो. मात्र सर्व्हरचं घड्याळ आणि टाइमझोन बरोबर हवा; तो मी `date` देऊन आधी तपासला.

पिंग लगेच वीसच्या आत आला. उरलेल्या सुमारे ७० जीबीपैकी विसेक जीबी दिवसभरात हळूहळू गेले, बाकीचे रात्री. मंगळवारी सकाळी आलो तेव्हा लॉगमध्ये बॅकअप पहाटेच संपल्याची नोंद होती.