आमची वाटचाल: बोरीवरची लाख आणि कापणीचा नेमका दिवस

निपाणी-हुपरी भागातले सोनार पोकळ दागिन्यांत भरायला लाख नेतात आणि सावंतवाडीकडचे लाकडी खेळण्यांचे कारागीर कातकामासाठी नेतात. आमचा व्यवसाय या दोन गिऱ्हाइकांवर उभा आहे. सुरुवातीला आम्ही तयार चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे, आणून विकत होतो. नंतर काडीलाख, म्हणजे फांदीवर धरलेली कच्ची लाख, विकत घेऊन स्वतः दळायला, धुवायला लागलो. तेव्हा दिसले की एकाच भावाने घेतलेल्या दोन पोत्यांतून निघणारा माल सारखा नसतो. एका पोत्यातली लाख धुतल्यावर फिकट सोनेरी निघते आणि सहज वितळते. दुसऱ्यातली गोळा झालेली, काळपट आणि चिवट असते. हा फरक धुण्यात पडत नाही, झाडावर पडतो. म्हणून आता आम्ही हुक्केरी-चिकोडीच्या कोरड्या पट्ट्यात शेताच्या बांधावरच्या बोरींवर लाख धरतो आणि शेतकऱ्यांकडूनही धरून घेतो. यातला कापणीचा भाग इथे सविस्तर मांडतो, कारण मालाची प्रत तिथे ठरते.

लाख म्हणजे किड्यांच्या अंगातून पाझरलेली राळ. हे किडे दोन जातींचे, रंगीनी आणि कुसमी. रंगीनी पळसावर आणि बोरीवर चालते. कुसमी कोशिंबावर वाढते, बोरीवरही बसते आणि तिची राळ फिकट असते. सोनारालाही खेळणीवाल्यालाही फिकट राळ हवी असते, म्हणून आम्ही कुसमीच निवडली. कुसमीचे पावसाळी पीक जून-जुलैत झाडावर बियाणे बांधून जानेवारी-फेब्रुवारीत निघते. उन्हाळी पीक जानेवारी-फेब्रुवारीत बांधून जून-जुलैत निघते. हे वेळापत्रक झारखंड-छत्तीसगडकडचे आहे, आपल्याकडे ते अंदाजापुरते घ्यावे. म्हैसूर-बेंगळुरू बाजूला जालारीच्या झाडावर तर १३ महिन्यांत ३ पिढ्या होतात, इतका हवेप्रमाणे आणि झाडाप्रमाणे फरक पडतो. म्हणून आम्ही तारीख पाहत नाही, किडा पाहतो.

बोरीची छाटणी फेब्रुवारीत करतो. अर्ध्या इंचापेक्षा बारीक फांद्या बुडातून काढायच्या. अर्धा ते एक इंच जाडीच्या फांद्यांचा एक-दीड फूट खुंट ठेवायचा. त्याहून जाड फांदीला हात लावायचा नाही. कोयत्याला धार हवी, नाहीतर साल फाटते आणि तिथून फांदी वाळत जाते. जुलैपर्यंत खुंटांवर पाच महिन्यांची कोवळी, रसरशीत फूट तयार होते. किड्याला हीच फूट लागते. त्याची सोंड बारीक असते, जुन्या जाड सालीतून ती रसापर्यंत पोचत नाही.

बियाणे म्हणजे लाखेची अशी काडी, जिच्या कवचातून पिल्ले बाहेर पडायच्या बेतात आहेत. वीतभर लांबीच्या दोन-तीन काड्यांची जुडी करून ती साठ मेशच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घालतो आणि फांदीला समांतर, फुटीच्या बुडाशी घट्ट बांधतो. मध्यम बोरीला साधारण एक किलो बियाणे पुरते. त्याच्या पंधरा-वीस जुड्या होतात आणि त्या सगळ्या फांद्यांवर विखरून बांधाव्या लागतात. जाळी शोभेसाठी नाही. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसे मोठे असते, ते जाळीतून बाहेर पडते. पण त्याच काडीत दडलेल्या लाखखाऊ पतंगांना ती अडवते. तीन आठवड्यांत पिल्ले निघून गेली की रिकामी काडी, म्हणजे फुंकी, उतरवून घ्यायचीच. ती झाडावर राहिली तर तिच्यातली कीड नव्या पिकात शिरते. फुंकीवरची राळही खरवडून माल म्हणून चालते.

लाल रंगाची ही पिल्ले फुटीवर चालत जातात, जागा निवडतात, सोंड खुपसतात आणि तिथेच स्थिर होतात. मादी पुढे आयुष्यभर त्या जागेवरून हलत नाही. बसल्यावर एक-दोन दिवसांत अंगातून राळ पाझरू लागते. तोंड, श्वासाची दोन छिद्रे आणि मलद्वार एवढी जागा सोडून सगळे अंग राळेने झाकते. ही तिन्ही छिद्रे बुजू नयेत म्हणून त्यांच्या तोंडाशी मेणाचे पांढरे तंतू उगवतात. शेतकऱ्याला आम्ही पहिली खूण हीच सांगतो. फांदी पिठाळलेली, पांढरट दिसली तर किडा जिवंत आहे. तंतू गळून फांदी काळी पडली तर दोन कारणे असू शकतात. किड्याच्या गोड मळावर काळी बुरशी चढून छिद्रे बुजली असतील, किंवा किडा आतल्या आत मेला असेल. खात्री करायला कवचात सुई टोचावी. जिवंत मादीतून लाल रस येतो, मेलेल्या कवचात कोरडा तपकिरी भुगा मिळतो.

साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, नर बाहेर येतात. नराचे कवच लांबट, चपलेसारखे, मादीचे गोलसर. नर तीन-चार दिवस जगतो, माद्यांशी मीलन करतो आणि मरतो. लाखेची खरी वाढ त्यानंतर सुरू होते. फळलेली मादी झपाट्याने फुगते आणि राळेचा बहुतेक भाग तीच या उत्तरार्धात तयार करते. शेजारशेजारच्या माद्यांची कवचे एकमेकांत मिसळून फांदीभोवती सलग जाड पापुद्रा होतो, तीच काडीलाख. म्हणून ऑक्टोबरात पापुद्रा जाड दिसला तरी कापायची घाई करू नये. वजनाचा मोठा हिस्सा अजून यायचा असतो.

याच काळात सगळ्यांत मोठे नुकसान होते. युब्लेमा नावाच्या पांढऱ्या पतंगाची अळी पापुद्र्याच्या आत बोगदा करून एकामागून एक माद्या खात जाते. बाहेरून कवच शाबूत दिसते, पण जवळून पाहिले तर गोल छिद्र, रेशमी जाळे आणि विष्ठेचे दाणे आढळतात. अशी फांदी दिसली की ती लगेच काढून वेगळी ठेवावी. तिची लाख खरवडून घ्यावी, पण बियाण्यात तिचा एक तुकडाही जाता कामा नये. मुंग्या लाख खात नाहीत, मात्र गोड मळासाठी गर्दी करून मेणाचे तंतू मोडतात. सुरुवातीला किडे फार दाट बसले तर फूट रस पुरवू शकत नाही, फांदीच वाळते आणि तिच्यावरचे पीक अर्धवट मरते. जुड्या बांधताना फुटीचा काही भाग मोकळा राहील असा हिशेब ठेवावा लागतो तो यासाठी.

आता कापणी. जानेवारीत दर चार-पाच दिवसांनी मादीच्या कवचाकडे भिंगातून पाहायचे. मादी अंडी देण्याच्या तयारीत आली की तिचे अंग आक्रसते आणि कवचात मागच्या बाजूला पोकळी पडते. बाहेरून ती पिवळसर ठिपक्यासारखी दिसते. ठिपका उमटला की पिल्ले निघायला साधारण आठवडा ते दहा दिवस राहिलेले असतात. तो वाढत वाढत कवचाच्या निम्म्यापर्यंत पोचला की बियाण्याच्या फांद्या कापायच्या. त्याआधी कापले तर मादीला झाडाचा रस मिळणे बंद होते आणि अंडी नीट पिकत नाहीत, मग पिल्ले कमी आणि दुबळी निघतात. ठिपका ओलांडून थांबले तर पिल्ले झाडावरच फुटतात. तेव्हा तीच बोर पुन्हा त्यांच्या तावडीत सापडते, आणि पीक देऊन थकलेले झाड दुसरे पीक पेलत नाही.

एका बोरीच्या कापणीचा क्रम असा. खाली ताडपत्री अंथरायची, लाख लागलेल्या सगळ्या फांद्या छाटणीच्या त्याच नियमाने कापायच्या. म्हणजे कापणी आणि पुढच्या वर्षाची छाटणी एकाच वेळी होते. मग फांद्यांची निवड. पापुद्रा जाड, सलग, छिद्ररहित आणि ठिपके एकसारखे असलेले तुकडे बियाण्यासाठी बाजूला. हे प्रमाण झाडागणिक बदलते. कधी निम्मा माल बियाण्याच्या दर्जाचा निघतो, कधी पाव भागही नाही. उरलेला माल त्याच दिवशी सुरीने किंवा बोथट विळ्याने खरवडायचा. फांदीच्या सालीसकट खरवडले तर दळताना सालीचा भुगा राळेत मिसळतो आणि चाळून पूर्ण निघत नाही.

खरवडलेल्या लाखेत मेलेल्या माद्यांच्या अंगातली ओल असते. ती पोत्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की आतून तापते आणि दाणे एकमेकांना चिकटून दगडासारखा गोळा होतो. उन्हात वाळवली तरी तेच, कारण राळ उन्हानेच मऊ पडते. एकदा तापून गोळा झालेली राळ पुढे नीट वितळत नाही आणि स्पिरिटमध्येही पुरती विरघळत नाही. सोनाराच्या भट्टीवर ती पसरण्याऐवजी रबरासारखी ताणते. म्हणून सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीवर चार बोटे जाडीचा थर पसरायचा आणि सुरुवातीचे काही दिवस रोज उलथायचा. मुठीत दाबल्यावर दाणे सुटे राहिले, हाताला लालसर ओल लागली नाही, तर पोती भरायची. आमच्या खरेदीत ही मुठीची परीक्षा वजनाच्या आधी होते.

बियाण्याचे मात्र वाळवणे नसते, त्याला घाई असते. बोरीवर कुसमीचे उन्हाळी पीक भरवशाचे येत नाही, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत निघालेले बियाणे आम्ही खानापूरकडच्या मालकीच्या जमिनीतल्या कोशिंबावर नेतो. जाळीदार टोपल्यांत, एकावर एक दाबून न रचता, शक्यतो रात्रीचा प्रवास करतो. पिल्ले निघायची ती पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त निघतात, त्यामुळे काड्या पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बांधाव्या लागतात. कोशिंबाची फूट बोरीपेक्षा सावकाश पिकते. छाटल्यावर दीड वर्षाने झाड पिकाला घेता येते. म्हणून कोशिंबांचे दोन गट केले आहेत, दरवर्षी एका गटावर बियाणे चढते आणि दुसरा फुटत असतो. खानापूरला जून-जुलैत पावसाची झोड असते, ती नुकती निघालेली पिल्ले धुऊन नेते. म्हणून तिथले उन्हाळी पीक ठिपका निम्म्यापर्यंत पोचताच कापून बियाणे पुन्हा हुक्केरीच्या बोरींवर आणतो. त्या पट्ट्यात पाऊस कमी पडतो, आणि फेब्रुवारीत छाटलेल्या बोरीही तोवर फुटलेल्या असतात.